एका मिनिटात कामाची ओळख

अंधेरी पश्चिमेला आराम नगरच्या गल्ल्यांत ऑडिशनला आलेली मुलं कॅमेऱ्यासमोर उभी राहून नाव, वय, उंची सांगतात, मग डावीकडे वळतात, उजवीकडे वळतात. याला तिथे ‘इंट्रो’ म्हणतात. नटाच्या बाबतीत ही पद्धत बरोबर आहे, कारण कास्टिंग करणाऱ्याला चेहरा आणि आवाज पाहायचा असतो. पण लिंक्डइनवर नोकरी शोधणारी मुलंही हल्ली याच साच्यात व्हिडिओ करतात: नाव, शिक्षण, कुठे राहतो, मी कष्टाळू आहे, संधी द्या. नोकरी देणाऱ्याला मात्र काम पाहायचं असतं, आणि तेच त्यात नसतं.

माझ्या मैत्रिणीची भाची अंधेरी पूर्वेला सीप्झमध्ये एका दागिन्यांच्या युनिटमध्ये क्वालिटी कंट्रोलला होती. सीप्झच्या नावात इलेक्ट्रॉनिक्स असलं तरी तिथून हिऱ्यांच्या दागिन्यांची मोठी निर्यात होते आणि त्यातला बराच माल अमेरिकेला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. ऑर्डरी आटल्या आणि हिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. “मावशी, व्हिडिओ करायचाय, स्क्रिप्ट बघशील?” म्हणून ती वही घेऊन आली.

वहीत दीड पान इंग्रजी होतं. घड्याळ लावून वाचायला लावलं तर अडीच मिनिटं लागली, आणि पहिली वीस सेकंदं नाव, पदवी आणि आभार यांतच गेली. मी वही मिटली आणि विचारलं, “तू दिवसभर नक्की काय करायचीस, ते सांग.” ती मराठीत बोलायला लागली. भिंगातून अंगठी बघायची, पॉलिशनंतर सोन्यावर बारीक छिद्रं उघडी पडली आहेत का ते तपासायचं, रोडियम सगळीकडे सारखा चढलाय का, कॅरेटचा शिक्का नीट उठलाय का. “आणि खडा सैल आहे का ते कानाने कळतं,” असं म्हणत तिने स्वतःची अंगठी काढली, कानाशी धरली आणि नखाने टिचकी मारली.

व्हिडिओची सुरुवात सापडली होती. आता मधला भाग हवा होता, आणि तिथे एकच प्रसंग पुरतो. सगळ्या जबाबदाऱ्या रेझ्युमेत असतातच. व्हिडिओत असा एक प्रसंग घ्यावा, ज्यात काहीतरी बिघडलं होतं, तुम्ही काहीतरी केलं आणि त्यानंतर फरक पडला. तिला आधी असं काही आठवेना. “सगळ्यात जास्त माल कधी परत यायचा?” असं विचारल्यावर एका अंगठीची गोष्ट निघाली. ती सांगत गेली, मी लिहून घेत गेले.

लांबीचा हिशेब सोपा आहे. सावकाश, समजेल असं मराठी बोललं की मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. हातातली वस्तू दाखवायची, मध्ये श्वास घ्यायचा, म्हणून आम्ही शंभराच्या आत थांबायचं ठरवलं. चार-पाच वेळा खोडून जे उरलं ते असं:

“अंगठी कानाशी धरून टिचकी मारली की सैल खडा वाजतो. निर्यातीच्या दागिन्यांत असे दोष शोधणं, हे चार वर्षं माझं काम होतं. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. एका डिझाइनच्या अंगठ्या सारख्या दुरुस्तीला जायच्या, शंभरातल्या बारा. सगळ्यांना वाटायचं, सेटिंग करणाऱ्या कारागिराचा हात चुकतोय. मी महिनाभर प्रत्येक अंगठीची नोंद ठेवली: कोणत्या टेबलावरची, कितवा खडा. टेबलं वेगवेगळी होती, पण सुटणारा खडा एकाच जागेचा होता. म्हणजे चूक डिझाइनमध्ये होती. तिथले प्रॉन्ग बारीक होते. कॅडमध्ये ते जाड करून घेतले. पुढच्या लॉटमध्ये शंभरातल्या तीनच परत आल्या. आता मला मुंबईत क्वालिटी सुपरवायझरचं काम हवं आहे.”

यात तिचं नाव नाही, कारण ते व्हिडिओच्या वर प्रोफाइलवर दिसतंच. काम काय ते पहिल्या दोन-तीन वाक्यांत आलं आहे, म्हणजे कोणी पंधराव्या सेकंदाला पुढे सरकला तरी तेवढं कळलेलं असेल. ‘मी बारकाईने काम करते’ हे वाक्य काढून टाकलं, कारण महिनाभर ठेवलेली नोंद तेच सांगते. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव मुद्दाम घेतलं नाही. ते उघड करणं करारात बसत नाही आणि नवा मालकही सावध होतो. बारा आणि तीन हे आकडे तिच्या स्वतःच्या नोंदीतले आहेत. मुलाखतीत कोणी खोदून विचारलं, तर ते कसे मोजले हे तिला सांगता येतं. जो आकडा असा सांगता येत नाही, तो स्क्रिप्टमध्ये घेऊ नये.

मराठीत ओघ जमल्यावर तिने तीच वाक्यं इंग्रजीत केली, छोटी आणि त्याच क्रमाने. चित्रीकरण तिच्या घरीच केलं. मरोळच्या त्या खोलीवरून विमानं जातात, त्यामुळे प्रत्येक टेकआधी आवाज ओसरेपर्यंत थांबावं लागायचं. पंखा बंद केला, फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि डोळ्यांच्या उंचीला ठेवला. खिडकी तिच्या समोर घेतली. खिडकी पाठीशी असली की चेहरा काळा पडतो. पहिल्या टेकमध्ये ती कागद बघून वाचत होती. शब्द एकही चुकला नाही, पण बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसत होती. मग कागद काढला आणि लेन्सच्या शेजारी एका चिठ्ठीवर चारच शब्द लावले: टिचकी, बारा, नोंद, तीन. पुढचे टेक बोलल्यासारखे आले.

तपासणी दोनदा केली, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. लिंक्डइनच्या फीडमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होतो तो आवाजाविना, आणि आमची टिचकी तर सगळी आवाजाची! मुका व्हिडिओ पाहिला तर ती अंगठी कानाला का लावतेय तेच कळेना. म्हणून पहिल्या क्षणालाच कॅप्शन टाकलं: ‘सैल खडा ऐकू येतो’. आपोआप उमटलेल्या कॅप्शनमध्ये ‘प्रॉन्ग’चं भलतंच काही झालं होतं. धंद्यातले शब्द हाताने दुरुस्त करावेच लागतात, कारण जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

व्हिडिओला एक मर्यादा आहे. भरती करणारे लोक हुद्दा आणि कौशल्याचे शब्द टाकून शोध घेतात, आणि त्या शोधात व्हिडिओत बोललेलं सापडत नाही. म्हणून प्रोफाइलच्या हेडलाइनमध्ये ‘ज्वेलरी क्वालिटी कंट्रोल’ हे शब्द लिहिले आणि व्हिडिओची पोस्ट ‘फीचर्ड’मध्ये लावली. शोधातून आलेला माणूस तिथे तो पाहतो. फोन नंबर आणि घरचा पत्ता मात्र व्हिडिओत कुठेच ठेवला नाही.

शेवटी तिला एक वाक्य घालायचं होतं: प्रॉन्ग किती जाड केले, त्याचं माप. मी ते बाहेर ठेवायला सांगितलं. या धंद्यातला माणूस व्हिडिओ पाहून पहिला प्रश्न तोच विचारणार, आणि त्या प्रश्नाने मुलाखत सुरू झाली तर पुढचं बोलणं तिच्या कामाचंच होईल.