पाकीट घेतलं, मत कुणाला?

समजा, मतदानाच्या आदल्या रात्री तुमच्या घरी पाकीट आलं. आत पाचशेच्या नोटा. तुम्ही म्हणाल, पैसे घेऊ आणि मत हव्या त्यालाच देऊ, कळणार कसं? बरोबर आहे. म्हणूनच वाटणाराही साशंक असतो. राज्यशास्त्रज्ञ सायमन शोशार यांनी मुंबईतल्या निवडणुकांचा अभ्यास केला, तेव्हा हेच दिसलं. पैशाने मतं मिळतील याची खात्री उमेदवारांना नसते, तरी ते वाटतात. कारण समोरचा वाटतोय आणि आपण हात आखडला तर मागे पडू, ही भीती.

खरी मेख बूथवर आहे. ईव्हीएमची मोजणी यंत्रागणिक होते आणि प्रत्येक बूथचे आकडे ‘फॉर्म २०’मध्ये जाहीर होतात. एका बूथवर साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे तुमची वस्तीच. एकट्याचं मत लपतं, वस्तीचं नाही. आकडा पडला की कार्यकर्त्याला जाब विचारला जाऊ शकतो. मग वस्तीचं गटार, पाण्याची लाइन रेंगाळण्याची धास्ती. पाकीट एका रात्रीचं, ही धास्ती पाच वर्षांची.

उपाय आहे. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. केंद्राने मात्र ते मान्य केलं नाही.

आणि हो, पाकीट देणं जसा गुन्हा, तसंच घेणंही.