व्हिडिओच्या कोपऱ्यातला आकडा

२०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम राज्यभर चालला आणि पॉवरपॉइंटमधल्या पाठाचा व्हिडिओ करून तो पालकांच्या मोबाइलवर पाठवणे हे शिक्षकांच्या नेहमीच्या कामात येऊन बसले. त्यात तिसरीच्या परिसर अभ्यासाची अडचण वेगळी होती. हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे, त्यामुळे पुणे जिल्ह्याचा पाठ नागपूरहून तयार मिळण्याची सोय नाही. घोडनदीकाठचे शिरूर, भीमेकाठचे दौंड, रांजणगाव सांडसला मुळा-मुठेचा भीमेशी होणारा संगम हे सगळे दाखवायचे तर इथल्याच कुणीतरी स्लाइड करायला हव्यात. अशा पाठाच्या व्हिडिओत खालच्या कोपऱ्यात ‘७’, मध्ये शाळेचे नाव, डावीकडे तारीख आणि एखाद्या नकाशावर कुणी ओढलेली लाल रेघ दिसते; हे सगळे टाळता येते. मात्र हे काम व्हिडिओ करताना होत नाही, त्याच्या आधी करावे लागते. File > Export > Create a Video या पानावर चित्राचा दर्जा आणि दर स्लाइडला किती सेकंद हे विचारतात. आकडा किंवा फूटर लपवण्याची खूण तिथे नाही. F5 दाबल्यावर पडद्यावर जे दिसते, तेच व्हिडिओत उतरते.

म्हणून पहिला प्रश्न ‘कसे काढू’ हा नसून ‘हे राहते कुठे’ हा आहे. स्लाइडवरची वस्तू दोन जागी असू शकते: त्या स्लाइडवर, किंवा तिच्या मागच्या साच्यावर, म्हणजे मास्टर अथवा लेआउटवर. ओळखण्याची रीत सोपी आहे. नेहमीच्या संपादनाच्या खिडकीत त्या आकड्यावर टिचकी मारा. भोवती चौकट आली तर तो स्लाइडवर आहे; काही केल्या पकडता येत नसेल तर तो साच्यावर आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि गोंधळ इथेच होतो. चौकट येणारा आकडा, तारीख किंवा फूटर रीतसर बसवलेला असेल, तर Insert > Header & Footer उघडून Date and time, Slide number आणि Footer या तिन्हींसमोरच्या खुणा काढायच्या आणि Apply to All दाबायचे. नुसते Apply दाबले तर तेवढी एकच स्लाइड स्वच्छ होते. याउलट साच्यावर कुणी साध्या मजकूरचौकटीत शाळेचे नाव लिहून ठेवले असेल किंवा बोधचिन्ह चिकटवले असेल, तर ही खिडकी त्याला हात लावत नाही. View > Slide Master मध्ये जाऊन ते पुसावे लागते. आणि मास्टरवरून फूटरची रीतसर जागा काढून टाकली, तरी आधीच तयार असलेल्या स्लाइडवरचा फूटर जात नाही. चुकीच्या दाराने शिरलेला माणूस कितीही मेहनत करो, फूटर तसाच राहतो.

नद्यांचा एक पाठ नमुना म्हणून धरू. बारा स्लाइड आहेत. आठ शिरूरच्या शाळेत केल्या, चार भीमेपलीकडून दौंडच्या शिक्षकाने पाठवल्या. चिकटवताना Keep Source Formatting निवडले, म्हणजे रंग आणि अक्षरे जशीच्या तशी आली. पण त्यांच्याबरोबर दुसरा मास्टरही फाइलमध्ये आला. Header & Footer मधून खुणा काढल्या, Apply to All दाबले; शिरूरच्या आठ स्लाइड मोकळ्या झाल्या आणि दौंडच्या चारांवर शाळेचे नाव राहिले, कारण तिथे ते साध्या चौकटीत लिहून साच्यावर ठेवलेले होते. Slide Master उघडल्यावर डाव्या पट्टीत मोठी चित्रे दोन दिसतात, एकाला १ आणि दुसऱ्याला २ असा क्रमांक असतो. दुसऱ्यावर आणि त्याच्याखालच्या लहान लेआउटवर ते नाव शोधून पुसले की काम होते. निम्म्या स्लाइड स्वच्छ आणि निम्म्या नाहीत असे दिसले, तर आधी मास्टर किती आहेत ते मोजावे. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.

ॲनिमेशनच्या खुणांबद्दल मात्र भीती जास्त आणि कारण कमी. Animations हा टॅब उघडला की वस्तूंशेजारी १, २, ३ असे छोटे आकडे दिसतात, सरकणाऱ्या वस्तूच्या मार्गाची रेघ दिसते. या खुणा फक्त संपादनासाठी आहेत, निर्यात केलेल्या व्हिडिओत त्या येत नाहीत. संपादनाची खिडकीच स्क्रीन रेकॉर्डरने चित्रित केली तर त्या येणारच. तो मार्ग सोडावा. खरे धोके तीन. वर्गात दाखवताना पेनने केलेल्या खुणा: शो संपताना त्या ठेवायच्या का असे विचारतात, घाईत Keep दाबले जाते आणि भीमेच्या नकाशावरची ती लाल रेघ कायमची वस्तू होऊन बसते. Alt+F10 दाबून Selection Pane उघडली की ती Ink या नावाने दिसते, निवडून पुसावी. दुसरा, आवाजाच्या फाइलचे कर्ण्याचे चिन्ह. Playback टॅबमध्ये Hide During Show वर खूण केली की ते व्हिडिओत दिसत नाही. तिसरा सर्वांत घातक. ‘मुळा-मुठा भीमेला कुठे मिळते?’ या प्रश्नाचे उत्तर नंतर यावे म्हणून दिलेले ॲनिमेशन साफसफाईत पुसले गेले, तर उत्तर पहिल्या क्षणापासून पडद्यावर असते. म्हणून Animation Pane मधली यादी सरसकट पुसू नये.

एवढा खटाटोप कशाला, तयार व्हिडिओची खालची पट्टी कापून टाकू, असे कुणी म्हणेल. हिशेब करून पाहू. नेहमीच्या रुंद स्लाइडची उंची ७.५ इंच आणि फूटर सुरू होतो सुमारे ६.९५ इंचांवर. १०८० ओळींच्या व्हिडिओत खालच्या जवळजवळ ८० ओळी गेल्या आणि १६:९ हे प्रमाण राखायचे तर रुंदीतूनही सुमारे १४० ठिपके कापावे लागतात. त्यात नकाशाची कड आणि कडेची गावांची नावे जाऊ शकतात. आकड्यावर पांढरा चौकोन ठेवणे हाही उपाय नव्हे: पार्श्वभूमी रंगीत असली की तो ठिगळासारखा उठून दिसतो आणि प्रत्येक स्लाइडवर वेगळा ठेवावा लागतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आकडा असला तर ‘सातवी स्लाइड पाहा’ असे सांगता येते, आणि शाळेचे नाव म्हणजे केलेल्या श्रमांची नोंद. छापलेल्या प्रतीत किंवा बैठकीत आकडा हवाच. व्हिडिओत मात्र जागा मिनिट-सेकंदांत सांगतात आणि ती प्लेअर दाखवतोच. लहान मुलांसाठी तर आकडा अडथळा ठरू शकतो: सहाचा पाढा चालू असताना कोपऱ्यातला ७ कुठल्या हिशेबातला, हे सात वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? तारीख आपोआप बदलणारी ठेवली असेल तर ती निर्यातीच्या दिवशी गोठते आणि पाठ चांगला असूनही पुढच्या वर्षी शिळा वाटतो. शाळेचे नाव हवेच, पण पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर, ठळक अक्षरांत, जिथे ते वाचले जाईल.

मूळ फाइल तशीच ठेवा, छापायला ती लागेल. व्हिडिओसाठी नाव बदलून प्रत करा आणि साफसफाई त्या प्रतीतच करा. मग F5 दाबून सगळा शो एकदा पुढे न्या आणि फक्त खालच्या पट्टीकडे बघा. प्रत्येक मास्टरची निदान एक स्लाइड त्या नजरेखालून गेली पाहिजे. बारा स्लाइडच्या पाठाला या तपासणीसाठी दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि एकदा पालकांच्या मोबाइलवर गेलेला व्हिडिओ परत मागवता येत नाही.