वजाबाकीचा हातचा: आईचा आणि शाळेचा

ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या चाळीत काय किंवा शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर काय, दुसरी-तिसरीचा अभ्यास घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आई, आमच्या बाई असं नाही शिकवत!" त्यासाठी गटाच्या बैठकीत दीड तासात घेता येईल अशी पालकांची कार्यशाळा आम्ही आखली आहे. विषय एकच, वजाबाकी.

सुरुवातीला प्रत्येकीने 42 वजा 16 हे गणित मोठ्याने बोलत करायचं. आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतील, "दोनातून सहा जात नाहीत. बारातून सहा गेले, राहिले सहा. हातचा एक. खालचा एक आणि हातचा एक, दोन. चारातून दोन गेले, राहिले दोन. उत्तर सव्वीस."

मग काड्या काढायच्या. दहा-दहाचे चार गठ्ठे रबराने बांधायचे, दोन काड्या सुट्या ठेवायच्या. सोळा काड्या द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. आता तीन गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून सहा गेल्या, तीन गठ्ठ्यांतून एक गेला. उरल्या सव्वीस. शाळेत हेच शिकवतात, म्हणून मूल वरचे चार खोडून तीन लिहितं.

आपली रीतही चूक नाही. आई 42 वर्षांची, मुलगी 16 ची. दहा वर्षांनी त्या 52 आणि 26 च्या होतील, पण अंतर तेवढंच राहील. हातचा म्हणजे दोन्हीकडे वाढवलेले दहा. मुलाला मात्र हे आत्ताच सांगायला जाऊ नये.

घोटाळा होतो तो दोन्ही रीती एकत्र आल्यावर. मुलाने वरचे चार खोडून तीन केले आणि आपण बाजूने म्हटलं, "हातचा मिळव." मग खालच्या एकाचे दोन होतात, तीनातून दोन जातात आणि उत्तर येतं 16. बरोबर दहा कमी! 36 आलं तर गठ्ठा सोडला, पण चार तसेच राहिले. 34 आलं तर मुलाने उलटं, सहातून दोन वजा केले. चुकीचं उत्तर वाचलं की चूक कुठे झाली ते कळतं, म्हणून ते खोडू नका.

संख्येच्या नावाचंही असंच आहे. बेचाळीसमध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून मूल 24 लिहितं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं, तेव्हा केवढी टीका झाली! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण समजावून सांगितलं होतं. आम्हाला ते पटतं. घरी "बेचाळीस, म्हणजे चाळीस दोन" असं जोडीने म्हणावं.

शेवटच्या अर्ध्या तासात जोड्या करा. एक मूल होईल, एक आई. आईने फक्त तीनच गोष्टी विचारायच्या: बाईंनी कसं केलं ते वहीत दाखव, काड्यांनी करून दाखव, उत्तरात सोळा मिळवून बेचाळीस येतात का बघ. 'हातचा' हा शब्द मुलाने काढला तरच आपण काढायचा. एवढं करूनही अडलं, तर ते गणित तसंच ठेवून वहीसकट बाईंना दाखवा.