मैत्रीण टोचून बोलली, तर आधी प्रसंग विचारा

‘तू हल्ली फार तुसडेपणाने वागतेस.’ बरोबरीची, वीस वर्षांची मैत्रीण असं म्हणाली की पहिलं उत्तर ओठांवर तयारच असतं. ‘मी? अगं, घरी सासूबाईंचं ऑपरेशन झालंय, मुलाची दहावी आहे, तुला कल्पना तरी आहे का?’ आणि त्यापाठोपाठ, ‘तू तरी कुठे स्वतःहून फोन करतेस!’ यातलं एकही वाक्य खोटं नसेल. तरीही मैत्रिणीला काय खुपलं, ते कळायचं राहूनच जातं. वर आता भांडणाचे विषय दोन झाले: तिचा आणि तुमचा. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या डग्लस स्टोन आणि शीला हीन यांनी २०१४ सालच्या ‘थँक्स फॉर द फीडबॅक’ या पुस्तकात हा रूळबदल नेमका पकडला आहे. दोघं आपापल्या विषयावर बोलत राहतात, आणि समोरचा ऐकतच नाही अशी दोघांचीही खात्री पटते.

‘तुसडी’, ‘स्वार्थी’, ‘बदललीस’ हे शिक्के आहेत. शिक्क्याला उत्तर देता येत नाही. तो नाकारता येतो किंवा मुकाट्याने स्वीकारता येतो, एवढंच. उत्तर देता येतं ते घडलेल्या प्रसंगाला. म्हणून खुलासा करण्याआधी प्रसंग मागायचा. मॅन्युएल स्मिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली ‘व्हेन आय से नो, आय फील गिल्टी’ या पुस्तकात हीच रीत सांगितली: टीका झाली की ती परतवायची नाही, तिच्याबद्दल आणखी विचारायचं.

वरचाच संवाद तसा पुढे नेऊ.

‘तुसडेपणाने म्हणजे मी नेमकं काय केलं गं? एखादी वेळ सांग ना.’

‘त्या दिवशी भिशीत. मी नव्या नोकरीचं सांगत होते आणि तू मध्येच म्हणालीस, पगार फारच कमी आहे.’

‘पगाराबद्दल बोलले त्याचं वाईट वाटलं, की सगळ्यांसमोर बोलले त्याचं?’

‘सगळ्यांसमोर. एकटीला म्हणाली असतीस, तर मीच तुझा सल्ला घेतला असता.’

‘आणखी काही आहे का?’

‘मी एवढा लांबलचक मेसेज पाठवते आणि तू नुसता अंगठा टाकतेस.’

दुसरा प्रश्न इथे सगळ्यात मोलाचा आहे. तो विचारला नसता, तर पगाराबद्दल मैत्रिणीशी बोलायचंच नाही असा चुकीचा धडा घेतला गेला असता. तिची तक्रार मताबद्दल नव्हतीच, ते चारचौघींत सांगण्याबद्दल होती. ‘आणखी काही आहे का?’ हे विचारायला धीर लागतो, पण आधीपासून साचलेलं बाहेर येतं ते त्यानेच.

खुलाशाची जागा यानंतर. ‘भिशीत मी बोलायला नको होतं, खरंच. अंगठ्याचं म्हणशील तर ऑफिसात तेवढंच जमतं. संध्याकाळी मी फोन करत जाईन.’ इथे एक गोष्ट पूर्ण मान्य केली, दुसरीचं कारण सांगितलं. सगळंच कबूल करायची सक्ती नाही, आणि ‘हो बाई, मीच वाईट’ म्हणणं तर उत्तर टाळण्याचीच एक तऱ्हा आहे. मग मैत्रिणीलाच आपली समजूत काढत बसावं लागतं.

प्रश्नाच्या वेषात बचाव येऊ शकतो, त्याकडे मात्र लक्ष हवं. ‘असं कधी केलं मी?’ आणि ‘तुला हे कधी जाणवलं?’ या दोन्हींत ‘कधी’ आहे, पण पहिल्यात पुरावा मागितला जातो आणि दुसऱ्यात माहिती. उत्तर ऐकताना आपण पुढचा मुद्दा जुळवत असलो, तर आपला प्रश्न पहिल्या जातीचा होता असं खुशाल समजावं. प्रश्नही दोन-तीनच पुरेत. त्यापुढे ती उलटतपासणी होते.

कधी कधी हे काहीच जमत नाही, कारण छाती धडधडत असते. पती-पत्नींच्या भांडणांचा दीर्घ अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात की नाडीचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट डोक्यात शिरत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. मैत्रीतही हाच हिशेब धरायला हरकत नाही. ‘मला हे ऐकायचंय, पण आत्ता डोकं तापलंय. रात्री फोन करते,’ असं सांगावं आणि रात्री फोन खरोखर करावा. तो केला नाही, तर मागितलेला वेळ म्हणजे पळवाट ठरते.

आणि मनापासून विचारूनही तिला एकसुद्धा प्रसंग सांगता आला नाही तर? तर बहुधा तिचा त्या दिवशीचा त्रास वेगळाच काही असतो. तेव्हा स्वतःला तुसडी ठरवून घेऊ नका. ‘तुझं सगळं ठीक आहे ना?’ एवढं विचारा.