“प्लंबर पाठवतो” एवढं पुरत नाही

“बाथरूमबाहेरच्या छतातून पाणी ठिबकतंय.” भाडेकरूचा असा मेसेज आला की बहुतेक घरमालकांचं उत्तर ठरलेलं असतं: “प्लंबर पाठवतो.” कधी पाठवणार आणि तो काय करणार, याचा पत्ता नसतो. पुढचे आठ दिवस छताखाली बादली असते आणि दोघांत कुरबुर.

पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. उत्तर नीट द्यायचं तर मालकाने आधी विचारावं: पाणी दिवसभर ठिबकतं, वरच्यांच्या आंघोळीनंतर, की फक्त पावसात? दिवसभर ठिबकत असेल तर संशय पाण्याच्या पाइपावर. आंघोळीनंतर ठिबकत असेल तर वरच्या घराची फरशी किंवा नहाणीचा जोड. पावसातच असेल तर बाहेरची भिंत, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्ची. इथे भाडेकरू म्हणतो, “सकाळी नऊनंतर.” म्हणजे नहाणी किंवा फरशी.

मग उत्तर असं जावं: “डागाजवळचा दिवा लावू नका, त्याचा एमसीबी खाली पाडा. वरच्यांशी बोललोय. शनिवारी सकाळी त्यांच्या नहाणीचं तोंड बंद करून फरशीवर दोन इंच रंगीत पाणी साठवू आणि 24 तास ठेवू. रविवारी तुमच्याकडचा डाग बघायला येतो. काम सोमवारी सुरू होईल.”

या चाचणीत गंमत आहे. पाणी साठलेलं असतानाच खाली रंग उतरला तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. छत कोरडं राहिलं आणि नहाणी उघडून पाणी सोडल्यावर ठिबकलं तर दोष जोडात. जोड बदलायला एक-दोन दिवस पुरतात. फरशी उखडावी लागली तर वरच्यांचं बाथरूम साधारण आठवडाभर बंद राहतं. काम झाल्यावर पुन्हा पाणी साठवून बघितल्याशिवाय मिस्त्रीचे पैसे चुकते करू नयेत.

रंगाचीही घाई नको. ओलं प्लास्टर सुकायला तीन-चार आठवडे लागतात, पावसाळ्यात जास्तच. त्याआधी पुट्टी लावली तर फुगे येतात आणि भाडेकरूला वाटतं, गळती अजून आहे. हे मालकाने आधीच लिहून टाकावं.

खर्चाचं काय? हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आलेलं पाणी किंवा बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. बाथरूमच्या आतली गळती त्या घराच्या मालकाकडे येते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे, किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश: महिना 20,000 असेल तर 60,000 रुपये. मात्र हे कलम भाडेकरूचं आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने आधी आपल्या करारातलं दुरुस्तीचं कलम उघडून बघावं.