मेलची साखळी कुठे तोडायची आणि फोन कधी लावायचा

हिंजवडीतल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये किंवा खराडीच्या कुठल्याही ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी एक मेल हमखास फिरत असतो. विषयाच्या ओळीत दोन-तीनदा ‘Re:’ लागलेलं असतं, सीसीतली नावं वाढत गेलेली असतात आणि मूळ प्रश्न काय होता, हे शोधायला खाली खाली जावं लागतं. अशा साखळ्या तयार होतात त्या बहुधा मेल आणि फोन यांच्याबद्दलच्या ठाम पण चुकीच्या समजुतींमुळे.

गैरसमज: सविस्तर लिहिलं की गुंता सुटतो.

वस्तुस्थिती उलटी आहे, आणि ती उदाहरणाशिवाय पटत नाही. एक नमुन्याचं प्रकरण घेऊ. पुण्याची टीम श्टुटगार्टच्या क्लायंटसाठी विक्रीचा मासिक रिपोर्ट बनवते. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी दुपारी तिकडून मेल येतो: मार्चचे आकडे चुकले आहेत. डेव्हलपर तपासून कळवतो की कोडमध्ये चूक नाही. क्लायंट विचारतो, मग आमच्या अकाउंट्सशी जुळत का नाही? टेस्टिंगवाली सांगते की हा बदल फेब्रुवारीत मंजूर झाला होता. तिकडचे मॅनेजर विचारतात, मंजूर कोणी केला? इकडचे मॅनेजर लिहितात, ‘ॲज पर माय लास्ट मेल’. मध्येच कुणीतरी विचारतं, सोमवारचं रिलीज होणार ना? अकरा मेल होतात आणि चारजणांचे तेराजण होतात.

या साखळीत प्रश्न तीन आहेत. आकडे कुठल्या तारखेने मोजायचे? बदलाला होकार कोणी दिला? सोमवारी रिलीज करायचं का? प्रत्येक जण आपल्याला भिडलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचलं जातं. डेव्हलपरचं ‘चूक नाही’ खरंच आहे, पण क्लायंटच्या कानाला ते ‘चूक तुमची’ असं लागतं. यावर आणखी दोन परिच्छेद लिहिले तर वाचणाऱ्याला वाद घालायला आणखी दोन जागा मिळतात.

आता हेच फोनवर बघा. एप्रिलमध्ये जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे पुण्यात पाच वाजले की तिकडे दीड. बोलायचं तर आत्ताच, कारण दोन-तीन तासांत ते घरी जातील आणि साखळी सोमवारपर्यंत आंबत पडेल. कॉलवर तेराजण नकोत. डेव्हलपर, टेस्टिंगवाली आणि तिकडची आकडे वापरणारी व्यक्ती, एवढे पुरेत. डेव्हलपरने स्क्रीन शेअर करून एकच ऑर्डर उघडायची: माल ३१ मार्चला निघाला, बिल झालं २ एप्रिलला. रिपोर्ट माल निघाल्याची तारीख धरतो, अकाउंट्स बिलाची. ही ऑर्डर एकाच्या मार्चमध्ये आहे, दुसऱ्याच्या एप्रिलमध्ये. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मेलमध्ये कुणी हे लिहिलं नव्हतं, कारण ‘मार्चची विक्री’ म्हणजे काय, हे विचारण्यासारखं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

फोन लावायची वेळ ओळखायच्या खुणा इथेच सापडतात. दोन उत्तरं झाल्यावरही मूळ प्रश्न तसाच आहे किंवा बदलला आहे. एकच शब्द दोघं वेगळ्या अर्थाने वापरताहेत. माहिती हवी म्हणून नाही, साक्षीदार हवा म्हणून सीसीत नाव येतंय. यातली एक खूण दिसली तरी पुरे. उलट, एकाच उत्तराने संपणारी गोष्ट, फाइल, तारीख, पासवर्ड बदलण्याची विनंती, यांच्यासाठी मीटिंग लावणं हा दुसऱ्याच्या वेळेवर अन्याय आहे.

गैरसमज: माझा सूर समोरच्याला कळतोच.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे सांगायला लावली, कुणाला मेलवर, कुणाला आवाजात. सांगणाऱ्यांचा अंदाज होता की जवळपास ७८ टक्के वेळा सूर बरोबर ओळखला जाईल. आवाजात तो ७३ टक्के वेळा ओळखला गेला, मेलवर ५६ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं. लिहिताना आपल्या मनात आपलाच आवाज चालू असतो, तो अक्षरांबरोबर जात नाही.

म्हणूनच अप्रेझलच्या दिवसांत खाली आलेलं रेटिंग आधी मेलने कळवू नये. ‘काही बाबतींत सुधारणेला वाव आहे’ हे वाक्य मॅनेजरने सौम्य म्हणून लिहिलेलं असतं. वाचणारा त्यात नोकरी जाण्याची भीती वाचतो आणि रात्रभर जागतो. आधी दोघांनी समोरासमोर बोलावं, पत्र नंतर जावं. मात्र कॉल केला म्हणजे संवाद झाला, असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉमच्या प्रमुखांनी सुमारे ९०० कर्मचाऱ्यांना एका झूम कॉलवर काही मिनिटांत कामावरून कमी केल्याचं सांगितलं. आवाज होता, चेहरा होता, पण ऐकणाऱ्याला बोलायला जागाच नव्हती. नाजूक गोष्टीसाठी फोन करायचा तो समोरच्याला लगेच ‘म्हणजे काय?’ विचारता यावं म्हणून.

वरच्या उदाहरणातला ‘मंजूर कोणी केला?’ हा प्रश्नही या जातीचा आहे. तो स्क्रीन शेअर चालू असताना सगळ्यांदेखत काढायचा नाही. दोन मॅनेजरांनी वेगळा, दोघांतला फोन करावा.

गैरसमज: फोन केला की पुरावा राहत नाही.

ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय सोपा आहे. फोन ठेवल्यावर तासाभरात, आठवण ताजी असताना, त्याच साखळीवर मेल टाकायचा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे, मार्चचा रिपोर्ट बिलाच्या तारखेने काढायचा. कोडमधला बदल आम्ही मंगळवारपर्यंत करू. सोमवारचं रिलीज बुधवारी जाईल. फेब्रुवारीच्या आकड्यांचं काय करायचं ते ठरायचं आहे. यात काही चुकलं असेल तर आजच कळवा.’ ठरलेलं, करणारा, तारीख आणि न ठरलेलं, एवढंच. कोण काय म्हणालं, ते नको.

अशा मेलला वजन आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता देतो आणि त्यातलं कलम १०-अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्या कारणाने तो अमान्य ठरत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेलवरच्या देवाणघेवाणीतून करार झाल्याचं मान्य केलं. पण हेच वजन रागाच्या भरात लिहिलेल्या अकराव्या मेललाही असतं.

गैरसमज: विषय नाजूक असला की बोलूनच मिटवावं.

हा समज सगळ्यांत घातक आहे. त्रास देणाऱ्याच्या हातात जेव्हा तुमची नोकरी असते, तेव्हा ‘फोनवर बोलू ना’ याचा अर्थ कित्येकदा ‘लिहू नकोस’ असाच असतो. तिथे मेल सोडू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा तक्रार लेखीच मागतो, तीही घटनेपासून तीन महिन्यांत, आणि घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून. उशिराचं कारण पटलं तर तक्रार ऐकणारी समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. आणि जिला लिहिणं शक्य नाही, तिची तक्रार लेखी स्वरूपात आणायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे.