पाच एचपी मागणारे आबा

शिवगंगेच्या खोऱ्यात, नसरापूर ते वरवे बुद्रुक पट्ट्यात, मी वीसेक वर्षं शेतीपंप विकले. परवा जुन्या वह्या चाळल्या. पहिल्या पाच-सहा वर्षांच्या वह्यांत पंपाचं मॉडेल, किंमत, सूट, एवढंच. कुणाच्या विहिरीबद्दल एक ओळ नाही. गिऱ्हाईक बसलं की मी तांब्याच्या वायंडिंगपासून सुरू करायचो आणि ते शेवटी एकच विचारायचं, "कमी किती करणार?" नील रॅकहॅम यांनी 35 हजार विक्रीभेटी तपासून 1988 साली पुस्तक लिहिलं. वैशिष्ट्यं आधी ओतली की गिऱ्हाईक किमतीवर येतं, हे त्यात वाचलं तेव्हा माझा चेहरा पडला.

वही बदलली ती वरव्याच्या एका आबांमुळे. "तीनचा पंप काढ, पाचचा दे. पाणी पुरत नाही," ते आल्या आल्या म्हणाले. त्या दिवशी मी माहितीपत्रक काढलं नाही.

"आबा, विहिरीजवळच पाईप सोडला तर धार कशी पडते?"

"तिथं झकास. वरच्या तुकड्याला बारीक."

"पंप हवा ओढतो का?"

"चार तास चालला तरी नाही."

म्हणजे विहीर आणि पंप दोन्ही ठीक होते. वरचा तुकडा दोन वर्षांपूर्वी भिजवायला घेतला होता आणि जुन्या 300 फुटांच्या दोन इंची पाईपला तसलाच 400 फूट पुढे जोडला होता. पाण्याचा जोर पाईपच्या घर्षणातच जिरत होता. पाच एचपीने त्याच पाईपात जास्त पाणी रेटलं असतं तर घर्षण आणखी वाढलं असतं. तेवढंच पाणी तीन इंचीतून नेलं तर घर्षण सातव्या हिश्शावर येतं.

पण हे मी लगेच सांगितलं नाही. विचारलं, "भुईमुगाची पाळी किती दिवसांत संपते?"

"पूर्वी चार, आता आठ."

"रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात कोण जातं?"

आबा जरा थांबले. "पोरगा. कंपनीतून आला की बॅटरी घेऊन जातो. परवा बांधावर पाय मुरगाळला."

खरी अडचण ही होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. मग पाईपचा हिशेब मांडला तेव्हा सूट कुणी मागितली नाही.

हे जमायला वेळ लागला. मधली काही वर्षं मी वकिलासारखी उलटतपासणी करायचो. "पाणी वाया जातंच असेल ना?" असल्या प्रश्नात उत्तर मीच कोंबलेलं असायचं, लोक हो म्हणून निघून जायचे. आणि उभ्या पिकात मोटार जळलेल्या माणसाला प्रश्न विचारत बसू नये. एचपी आणि विहिरीची खोली विचारावी, पंप गाडीत टाकून द्यावा.

आबांचा तीन एचपीचा पंप अजून चालतो. मध्ये एकदा वायंडिंग केलं, तेवढंच.